तीन प्रभारांचा रेषीय क्वाड्रुपोल: विभवातून कोन गायब होतो तेव्हा

वहीतली शेवटची ओळ बहुतेक वेळा अशी असते, आणि तिच्याखाली आत्मविश्वासाने दुहेरी रेघ मारलेली असते:

```
V ≈ − k q a² / r³
```

गणित सगळ्यांच्या ओळखीचं आहे. z-अक्षावर तीन प्रभार ठेवलेत. आरंभबिंदूवर −2q, त्याच्या वर a अंतरावर +q, आणि खाली तेवढ्याच अंतरावर +q. दूरच्या एखाद्या बिंदूवर, म्हणजे r अंतरावर आणि अक्षाशी θ कोन करणाऱ्या दिशेला, विभव किती ते काढायचं. k म्हणजे नेहमीचा 1/(4πε₀). उत्तर यायला हवं ते असं:

```
V ≈ k q a² (3cos²θ − 1) / r³
```

पदवीच्या मुलांच्या वह्या तपासताना पहिली ओळ मला इतक्यांदा दिसते की आता ती दिसली की चूक कुठे झाली ते मागे न जाताही सांगता येतं. ही चूक टिकून राहते याचं कारण ती बरीचशी बरोबर दिसते. r चा घात बरोबर आहे, a² बरोबर आहे, एककं जुळतात. मोनोपोल आणि डायपोल दोन्ही नाहीसे झाले हेही बरोबर. फक्त कोन गायब आहे, आणि कोन गायब होणं कुणाला खटकत नाही, कारण एकट्या प्रभाराच्या विभवात तो नसतोच.

चूक कुठे शिरते ते पाहू. वरच्या +q पासून आपल्या बिंदूचं अंतर r₁ म्हणा. कोसाइनच्या नियमाने

```
r₁² = r² + a² − 2 a r cosθ
1/r₁ = (1/r)(1 + x)^(−1/2),   x = (a/r)² − 2(a/r) cosθ
```

खालच्या प्रभारासाठी x मधल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह तेवढं उलटं होतं. आता द्विपद विस्तार:

```
(1 + x)^(−1/2) = 1 − x/2 + (3/8) x² − ...
```

इथे हात आपोआप −x/2 नंतर थांबतो. x लहान आहे, मग x² आणखी लहान, सोडून द्या. डायपोलचं गणित असंच केलेलं असतं आणि तिथे ते बरोबरही आलेलं असतं, म्हणून सवय पक्की झालेली असते. पण x ही एकजिनसी राशी नाही. तिच्यात दोन पदं आहेत आणि ती दोन वेगवेगळ्या आकारांची आहेत: एक (a/r) च्या पहिल्या घाताचं, दुसरं (a/r)² चं. x चा वर्ग केला की पहिल्या घातवाल्या पदाचा वर्ग 4(a/r)²cos²θ होतो, आणि तो x मधल्या (a/r)² च्या बरोबरीचा आहे. एकाला ठेवून दुसऱ्याला लहान म्हणून टाकून देता येत नाही. दोघंही एकाच पंगतीतले आहेत.

डायपोलमध्ये हे चालून जातं, कारण तिथे आपल्याला (a/r) च्या पहिल्या घाताशीच काम असतं आणि x² तिथे खरोखरच पुढच्या पायरीवरचं असतं. क्वाड्रुपोलमध्ये पहिल्या घाताची पदं वरच्या आणि खालच्या प्रभारांत एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं ते सगळं दुसऱ्या घाताचं, आणि नेमका त्याच घाताचा अर्धा भाग आपण आधीच फेकून दिलेला असतो.

दोन्ही ठेवले की हिशेब सरळ बसतो. दुसऱ्या घाताची पदं एकत्र केली तर

```
−(1/2)(a/r)² + (3/8)·4 (a/r)² cos²θ = (a/r)² (3cos²θ − 1)/2
```

वरच्या +q कडून एवढं आलं, खालच्याकडूनही एवढंच, कारण वर्ग केल्यावर चिन्हाचा फरक उरत नाही. दोघांची बेरीज (a/r)²(3cos²θ − 1), तिला kq/r ने गुणलं की हवं ते उत्तर. मधल्या −2q कडून फक्त −2kq/r येतं, आणि ते दोन्ही +q च्या पहिल्या पदांना शून्यावर आणतं. वहीतल्या चुकीच्या उत्तरात कंसातलं −1 आलेलं असतं आणि 3cos²θ मागे राहिलेलं असतं.

नियम म्हणून लक्षात ठेवायचं असेल तर असं: (a/r) च्या n व्या घातापर्यंत अचूक उत्तर हवं असेल, तर x च्या n व्या घातापर्यंत जावंच लागतं. चौथ्या घाताचं पद हाताने काढून बघा, x⁴ पर्यंत जावं लागेल. म्हणूनच पुढच्या पदांसाठी कुणी द्विपद विस्तार करत बसत नाही, लेजांद्र बहुपदी वापरतात. लेजांद्रला त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस नेमक्या याच प्रश्नात सापडल्या, फक्त त्याच्यापुढे विद्युत नव्हे तर गुरुत्वाकर्षणाचं विभव होतं. त्या वापरल्या तर पूर्ण मालिका एका ओळीत मावते:

```
V = (2kq/r) [ (a/r)² P₂(cosθ) + (a/r)⁴ P₄(cosθ) + ... ]
```

विषम पदं एकही नाही, कारण वरचा आणि खालचा भाग आरशातल्यासारखे सारखे आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती. मुलं उत्तर तपासून बघतात, आणि तरीही चूक सापडत नाही. हे मला सगळ्यांत जास्त टोचतं, कारण तपासणारा विद्यार्थी मेहनती असतो आणि त्याच्या पदरी चुकीची खात्री पडते. आकडे घेऊन बघू. q = १ नॅनोकूलॉम, a = १ सेंटिमीटर, r = १० सेंटिमीटर. kq ची किंमत ८.९८८ व्होल्ट-मीटर.

तपासायला सोपी जागा कुठली, तर लंबदुभाजक, θ = ९०°. तिथे दोन्ही +q पासूनचं अंतर सारखं असतं आणि एकच वर्गमूळ काढावं लागतं. थेट तिन्ही प्रभारांची बेरीज केली तर विभव −०.८९२ व्होल्ट येतं. वहीतलं कोन नसलेलं सूत्र देतं −०.८९९ व्होल्ट. फरक एका टक्क्याहूनही कमी. विद्यार्थी समाधानाने पान उलटतो.

पण ९०° ला cosθ शून्य असतो. हरवलेलं पद तिथे मुळातच शून्य आहे, मग ते हरवलंय हे तिथे कळणार कसं? आता अक्षावर जा, θ = ०. तिथे तर वर्गमूळही लागत नाही:

```
V = kq [ 1/(r−a) + 1/(r+a) − 2/r ] = 2kq a² / [ r (r² − a²) ]
```

हे अचूक उत्तर आहे, कुठलाही विस्तार न करता. आकडे घातले की +१.८१६ व्होल्ट. वहीतलं सूत्र इथेही −०.८९९ च म्हणतं. चिन्हसुद्धा उलटं. बरोबर सूत्र १.७९८ व्होल्ट देतं, म्हणजे एका टक्क्याच्या आसपासचा फरक, आणि तो फरक कुठून आला तेही वरच्या अचूक सूत्रात दिसतं: r² च्या जागी r² − a² आहे, म्हणून अचूक उत्तर 1/(1 − a²/r²) पटीने मोठं. r = ५a वर हा फरक सुमारे ४ टक्के होतो आणि r = २a वर ३३ टक्के. तेवढ्या जवळ जाऊन एका पदावर विसंबू नये.

तेव्हा तपासणी कधीही एका दिशेला करू नका. अक्षावर आणि लंबदुभाजकावर, दोन्हीकडे करा, आणि मग ही एक बेरीज करून बघा:

```
S = V(अक्षावर) + 2 V(लंबदुभाजकावर)
```

शुद्ध क्वाड्रुपोलसाठी S शून्य यायला हवी. कारण साधं आहे. एकाच अंतरावर z, x आणि y या तीन परस्परलंब दिशांना विभव मोजा. कोणत्याही अक्षाशी या तीन दिशांच्या कोसाइनच्या वर्गांची बेरीज १ असते, म्हणून (3cos²θ − 1) या तीन किमतींची बेरीज ३ − ३ = ०. x आणि y दोन्ही लंबदुभाजकाच्या प्रतलात आहेत, म्हणून दोनने गुणायचं. कोन नसलेल्या सूत्राची S मात्र −२.७ व्होल्ट येते, कुठूनही शून्य म्हणता येणार नाही. अचूक आकड्यांची S येते १.८१६ − १.७८४ = ०.०३२ व्होल्ट. ही अगदी शून्य का नाही, तर तेवढं P₄ चं पद शिल्लक आहे. r दुप्पट केलात तर V आठपट घटेल आणि ही शिल्लक बत्तीसपट. तसं घडताना दिसलं की समजायचं, गणित जागेवर आहे.

याच्यामागे एक खोल कारण आहे. ज्या गोलाच्या आत सगळे प्रभार आहेत, त्या गोलाच्या पृष्ठभागावरचं सरासरी विभव kQ/r असतं, Q म्हणजे एकूण प्रभार. आपला Q शून्य, म्हणून सरासरी शून्य. सगळीकडे ऋण असलेलं विभव शून्य प्रभारातून येऊच शकत नाही. −1/r³ हे नुसतं चुकीचं उत्तर नाही, रिकाम्या जागेत असं विभव अस्तित्वातच असू शकत नाही. लाप्लासचं समीकरण लावून बघा, 1/r³ चं लाप्लासियन 6/r⁵ येतं, शून्य येत नाही.

आता दुसरी एक तक्रार, जी विस्तार बरोबर करणाऱ्यांकडून येते. "सर, सूत्रातून १.८ येतंय आणि थेट बेरजेतून १.६. कुठलं खरं?" त्याची कॅल्क्युलेटरवरची पायरी बघितली की उलगडतं. अक्षावर r = १० सेंटिमीटरला तीन पदं अशी आहेत: ९९.८६२, ८१.७०५ आणि −१७९.७५१ व्होल्ट. त्याने प्रत्येक पद तीन अंकांपर्यंत घेतलं: ९९.९ + ८१.७ − १८० = १.६. दोन जवळजवळ सारख्या मोठ्या संख्यांची वजाबाकी करून लहान संख्या काढतोय, म्हणून मधल्या टप्प्यावरची गोळाबेरीज थेट उत्तरावर येऊन पडते. विभव मोठ्या पदांच्या साधारण (a/r)² पट असतं, म्हणजे इथे शंभरावा भाग. तेवढे दोन अंक वजाबाकीतच जातात. r = १००a घेतलंत तर चार अंक जातील. संगणकावर दुहेरी अचूकतेतही सुमारे १६ अंकच असतात, म्हणून r = 10⁸ a च्या आसपास थेट बेरीज निव्वळ कचरा देते:

```python
a, q = 1.0, 1.0
for r in (1e2, 1e4, 1e6, 1e8):
    d = q/(r-a) + q/(r+a) - 2*q/r
    print(r, d / (2*q*a*a/r**3))
```

गुणोत्तर १ च्या जवळ राहायला हवं. शेवटच्या ओळीत ते तसं राहत नाही, आणि दोष सूत्राचा नसतो. विस्ताराचा खरा उपयोग इथे कळतो: दूर जाल तसं तो जास्त अचूक होत जातो आणि थेट बेरीज जास्त वाईट.

आणखी एक गोंधळ २ या अंकाचा. पुस्तकागणिक क्वाड्रुपोल आघूर्णाची व्याख्या बदलते. एका प्रथेत Σq(3z² − r²) घेतात, मग आपल्या मांडणीचं Q_zz = 4qa². दुसऱ्या प्रथेत त्याच्या निम्मं घेतात, 2qa². पहिल्या प्रथेतली किंमत दुसऱ्या प्रथेच्या सूत्रात घातली की उत्तर बरोबर दुप्पट येतं. वरची S ही चूक पकडत नाही, कारण शून्याची दुप्पटही शून्यच. तिच्यासाठी अक्षावरचं अचूक सूत्र आहेच, त्याच्याशी थेट ताडून बघा.

व्याख्या बघून घेण्याची सवय खऱ्या रेणूंच्या बाबतीत लगेच कामाला येते. कार्बन डायऑक्साइड हा निसर्गातला रेषीय क्वाड्रुपोल आहे, फक्त चिन्हं उलटी: मध्ये धन कार्बन, दोन्ही टोकांना ऋण ऑक्सिजन. निम्म्या प्रथेत त्याचं आघूर्ण सुमारे −१४.३ × १०⁻⁴⁰ कूलॉम-चौरस मीटर, आणि कार्बन ते ऑक्सिजन अंतर १.१६ × १०⁻¹⁰ मीटर. 2qa² शी जुळवलं तर प्रत्येक ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या साधारण एकतृतीयांश इतका ऋण प्रभार येतो. व्याख्या चुकली की हाच आकडा एकषष्ठांश येतो, आणि तोही अशक्य वाटत नाही. त्यामुळे चूक तशीच पुढे सरकते.

५४.७४° ला काय होतं हेही पुष्कळ जण विचारतात. तिथे cos²θ = १/३, म्हणून आपलं सूत्र शून्य देतं, आणि थेट बेरीज मात्र शून्य देत नाही. आपल्या आकड्यांत ती सुमारे −७ मिलिव्होल्ट येते. हेही बरोबरच आहे. पहिलं उरलेलं पद शून्य झालं म्हणजे विभव शून्य झालं असं नव्हे. पुढचं पद समोर आलं. या कोनाला P₄ ची किंमत −७/१८ आहे, म्हणून V ≈ −(7/9)kqa⁴/r⁵. तिथे घट r³ ने नाही, r⁵ ने होते. विभव खरोखर शून्य असलेली दिशा r = १०a वर या कोनापेक्षा सुमारे ०.१६ अंशाने अक्षाकडे सरकलेली असते, आणि दूर जाल तसतशी ती ५४.७४° ला येऊन मिळते.

शेवटची गोष्ट गणितातली नाही, मांडणीतली आहे, आणि प्रयोग किंवा सिम्युलेशन करणाऱ्यांना ती हमखास भेटते. मधला प्रभार −2q ऐवजी −1.99q आहे असं धरा. अर्ध्या टक्क्याची कसर, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण एकूण प्रभार आता शून्य नाही, 0.01q आहे, आणि त्याचं विभव फक्त 1/r ने घटतं. १० सेंटिमीटरवर ते ०.८९९ व्होल्ट आहे. अक्षावर मिळतात १.८१६ ऐवजी २.७१५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ दीडपट. लंबदुभाजकावर −०.८९२ आणि +०.८९९ एकमेकांना संपवतात आणि उरतात जेमतेम ७ मिलिव्होल्ट. ज्याने फक्त लंबदुभाजकावर मोजलं, तो म्हणेल इथे क्वाड्रुपोलच नाही. r = १४a च्या पलीकडे अक्षावरही ही कसर क्वाड्रुपोलवर मात करते, आणि लॉग-लॉग आलेखाचा उतार −३ सोडून हळूहळू −१ कडे वळतो.

इथे S पुन्हा कामाला येते. २.७१५ + २ × ०.००७ = २.७२९ व्होल्ट. क्वाड्रुपोल स्वतःला या बेरजेतून पुसून टाकतो, म्हणून उरलं ते मोनोपोलचं तिप्पट: एकतृतीयांश घेतला की ०.९१ व्होल्ट, r/k ने गुणलं की सुमारे 0.01q. ज्या बेरजेने वहीतली चूक पकडली, तीच आता मधल्या प्रभाराची कसर किती ते सांगते. एवढं मात्र पाळा की अक्षावर मोजताना वरचं आणि खालचं अशा दोन्ही टोकांची सरासरी घ्या. मधला प्रभार किंचित सरकलेला असेल तर डायपोल शिरतो, तो एका टोकाला जेवढी भर घालतो तेवढीच दुसऱ्या टोकाला वजा करतो, आणि सरासरीत नाहीसा होतो. सरकला आहे का हे बघायचं असेल तर सरासरी न घेता दोन टोकांमधला फरक घ्या: मधला प्रभार δ ने वर सरकला असेल तर तो −4kqδ/r² च्या जवळ येतो, आणि त्यातून δ थेट मिळतो.

फरक आणि बेरीज असे दोन आकडे काढायला चार ठिकाणची मापं पुरतात: अक्षाची दोन टोकं आणि लंबदुभाजकाच्या प्रतलातले एकमेकांना लंब असे दोन बिंदू, चारही मधल्या प्रभारापासून सारख्याच अंतरावर. S मधली दुप्पट तिथे या दोन बिंदूंच्या विभवांची बेरीज होते. पुढचं सगळं गणित या चार आकड्यांनंतर सुरू करा.